ट्रेंडिंग ऑडिओ घ्यावा की सोडावा? ब्रँडचं अकाउंट सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

ट्रेंडिंग ऑडिओवर रील करायची की नाही, हा निर्णय बहुतेक जण उलट्या क्रमाने घेतात. आधी कल्पना सुचते, मग शूटिंग होतं, एडिटिंग होतं, वरिष्ठ पाहून हसतात, आणि अगदी पोस्ट करायच्या क्षणी कळतं की बिझनेस अकाउंटवर तो ऑडिओ उपलब्धच नाही. किंवा उपलब्ध असतो, पण ट्रेंड चार दिवसांपूर्वीच संपलेला असतो. म्हणून इथे क्रम बदललेला आहे: ज्या तपासणीला सर्वांत कमी वेळ लागतो आणि जिच्यात नापास झालं तर पुढचं सगळं वाया जातं, ती आधी. कल्पना सुचणं जवळजवळ शेवटी येतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. ते कल्पित आहे, त्यातले आकडेही कल्पित आहेत. एक छोटा ब्रँड शाईची फाउंटन पेनं विकतो. सोशल मीडिया सांभाळायला दोन माणसं, आणि होकार देणारी तिसरी. सोमवारी सकाळी त्यांना आठ सेकंदांचा एक ऑडिओ वारंवार दिसू लागतो. त्यात एक शांत आवाज म्हणतो, ‘काळजी नको, सगळं ताब्यात आहे’. मग सेकंदभर शांतता, आणि लगेच भांड्यांची उतरंड कोसळल्यासारखा खणखणाट. लोक पहिल्या भागात निवांत चेहरा दाखवतात आणि दुसऱ्या भागात झालेला गोंधळ.

पहिलं काम: आकडा टिपून ठेवा

ऑडिओ दिसल्या दिसल्या त्याच्या नावावर टॅप करून ऑडिओचं पान उघडा. तो ऑडिओ वापरून किती रील झाल्या आहेत, ते तिथे लिहिलेलं असतं. हा आकडा तारीख आणि वेळेसकट टिपा. याला अर्धा मिनिट लागतो. आज त्याचा काही उपयोग नाही, उद्या त्याच वेळी दुसरा आकडा मिळाला की तो बोलायला लागेल. इन्स्टाग्रामवर ऑडिओच्या नावाशेजारी वर जाणारा छोटा बाण दिसतो, तो ऑडिओ सध्या चढतीवर असल्याची खूण. पण बाण इतकंच सांगतो. किती वेगाने चढतोय आणि तुम्ही पोहोचेपर्यंत टिकेल का, हे बाणावरून कळत नाही.

आकडा टिपला की तो विसरा आणि पुढच्या तपासणीकडे वळा.

हा ऑडिओ वापरायचा हक्क आहे का?

नवख्यांची सर्वांत महाग चूक इथे होते. अ‍ॅपमध्ये गाणं दिसतंय, लाखो लोक वापरतायत, म्हणजे ते आपल्यालाही मोकळं आहे असं वाटतं. तसं नसतं. अ‍ॅपच्या कंपन्यांनी संगीत कंपन्यांशी जे करार केलेले असतात ते साधारणपणे व्यक्तींच्या वैयक्तिक, बिनव्यापारी वापरासाठी असतात. ब्रँडने स्वतःच्या अकाउंटवर टाकलेली रील व्यापारी वापरात मोडते, तिच्यात पेनाचं नाव घेतलेलं असो वा नसो. म्हणूनच बिझनेस अकाउंटला गाण्यांची यादी तोकडी दिसते, आणि म्हणूनच मेटाने साउंड कलेक्शन आणि टिकटॉकने कमर्शियल म्युझिक लायब्ररी असे व्यापारी वापराला चालणारे वेगळे साठे ठेवले आहेत.

यातून सुटण्यासाठी दोन पळवाटा सर्रास सुचवल्या जातात. एक म्हणजे अकाउंट ‘क्रिएटर’ प्रकारात बदलणं, म्हणजे गाणी दिसू लागतात. दुसरी म्हणजे गाणं बाहेरून उतरवून एडिटिंगमध्येच व्हिडिओला चिकटवणं. दोन्हींनी रील पोस्ट होते, पण हक्क मिळत नाही. बटण दाबता येणं आणि परवानगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संगीत कंपन्या हा फरक कोर्टात नेतात. बँग या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीवर युनिव्हर्सल आणि सोनी या दोन्ही संगीत कंपन्यांनी टिकटॉकवरच्या व्हिडिओंबद्दल दावे लावले. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओंबाबत कॉपीराइटचा भंग झाल्याचं मान्य केलं. त्या दाव्यांत इन्फ्लुएन्सरांकडून करवून घेतलेले व्हिडिओही ओढले गेले होते, त्यामुळे ‘आम्ही नाही, त्यांनी टाकलं’ या उत्तरावर विसंबू नये. २०२४ मध्ये सोनीने मॅरियट या हॉटेल कंपनीवर दावा केला, त्यात ९०० हून अधिक पोस्टचा उल्लेख होता. अशा दाव्यात जुन्या पोस्टही मोजल्या जातात.

‘ओरिजिनल ऑडिओ’ हे लेबल तर खास फसवं. त्याचा अर्थ एवढाच की तो आवाज कोणाच्या तरी व्हिडिओबरोबर अपलोड झाला. आत सिनेमातला संवाद असू शकतो, टीव्हीवरचा तुकडा असू शकतो, वेग वाढवलेलं प्रसिद्ध गाणं असू शकतं. म्हणून कान देऊन पूर्ण ऐका आणि त्यातला प्रत्येक थर ओळखा: बोलणं कोणाचं, संगीत कोणाचं, मागचा आवाज कशाचा.

आपल्या पेनवाल्यांनी हे केलं तेव्हा त्यांना दोन ऑडिओ सापडले. मूळ ऑडिओ एका साध्या माणसाने स्वतःच्या घरी रेकॉर्ड केलेला, बोलणं त्याचं आणि कोसळणारी भांडीही त्याचीच. दुसरा कोणीतरी रिमिक्स केलेला, ज्यात खणखणाटानंतर एका लोकप्रिय गाण्याचे तीन सेकंद जोडलेले. रिमिक्सवर पाचपट रील झालेल्या. मोह तिकडेच होणार. पण रिमिक्स करणाऱ्याकडे त्या गाण्याचा हक्क नसेल तर तो तुम्हाला कितीही खुशीने हो म्हणाला तरी त्या होकाराला किंमत नाही. म्हणून मूळ ऑडिओ, कमी आकड्याचा, हाच पर्याय उरतो.

मूळ आवाज साध्या व्यक्तीचा असेल तर तिला विचारा. श्रेय दिलं म्हणजे परवानगी घेतली असं होत नाही. संदेश लहान पण नेमका हवा:

‘नमस्कार. तुमच्या अमुक तारखेच्या व्हिडिओतला आवाज आम्हाला आमच्या पेनांच्या ब्रँडच्या एका रीलमध्ये वापरायचा आहे. रील इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर कायम राहील. पैसे देऊन जाहिरात म्हणूनही चालवण्याची शक्यता आहे. तुमच्या हँडलसकट श्रेय देऊ. मानधनाबद्दल तुमची अपेक्षा कळवा. त्या आवाजात दुसऱ्या कोणाचं बोलणं किंवा संगीत असेल तर तेही कृपया सांगा.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं, कारण परवानगी देणाऱ्यालाच कधी कधी माहीत नसतं की मागे वाजणारा टीव्ही त्याच्या मालकीचा नव्हता. जाहिरातीचा उल्लेखही आधीच करा. रील चालली की ती बूस्ट करायची इच्छा होते आणि तेव्हा दुसऱ्यांदा विचारायला जाणं अवघड जातं. (दुसऱ्याच्या हक्काचं गाणं असलेली रील बूस्ट करायला गेलं तर इन्स्टाग्राम बहुधा अडवतंच.) उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर ते नकार समजा.

परवानगी मिळत नसेल तर एक मार्ग उरतो: ऑडिओ सोडून नुसता साचा घ्यायचा. तो चालेल का, हे तपासायला ट्रेंडमधल्या पाच-सहा रील आवाज बंद करून बघा. आवाजाशिवायही गंमत कळत असेल तर साचा स्वतंत्र आहे, आणि तो स्वतःच्या आवाजात किंवा व्यापारी वापराच्या संगीतावर करता येईल. आवाज बंद केल्यावर काहीच कळत नसेल तर गंमत ऑडिओतच होती, तेव्हा तो ट्रेंड सोडून द्या. मूळ कलाकाराच्या आवाजाची नक्कल करून घेणं हा उपाय नाही. अमेरिकेत फोर्डच्या एका जाहिरातीत गायिका बेट मिडलर यांच्या आवाजाची नक्कल वापरली गेली, तेव्हा १९८८ च्या निकालात न्यायालयाने त्यांचा दावा ग्राह्य धरला होता.

हा कुठून आला?

यासाठी वीस मिनिटं द्या, आणि ती ज्याला तो ऑडिओ आवडला आहे त्याला देऊ नका. त्याला खोट काढायची इच्छा नसते.

पहिला व्हिडिओ शोधा. ऑडिओच्या पानावर मूळ अपलोड करणाऱ्याचं हँडल असतं. मात्र खूपदा तोही दुसरीकडून उचललेला असतो, म्हणून ऑडिओतले शब्द अवतरण चिन्हात टाकून सर्चमध्ये शोधा. गाणं असेल तर क्लिपमध्ये नसलेल्या ओळीही वाचा. परभाषेतलं असेल तर ती भाषा जाणणाऱ्याला विचारा. मग पहिल्या व्हिडिओच्या कमेंट आणि ताज्या व्हिडिओंच्या कमेंट दोन्ही चाळा, कारण ट्रेंडचा अर्थ वाटेत बदलतो. सुरुवातीला निरुपद्रवी असलेला साचा दोन आठवड्यांत एखाद्या गटाची टिंगल करायचं साधन बनलेला असू शकतो. उलटही घडतं: गमतीदार वाटणारा आवाज एखाद्याच्या खऱ्या रडण्याचा, अपघाताचा किंवा भांडणाचा असतो आणि त्या व्यक्तीची संमती कोणी घेतलेली नसते. सामान्य माणूस असा आवाज वापरतो तेव्हा कोणी हिशेब मागत नाही, ब्रँडकडे मागतात.

न वाचता उडी मारल्याचं सर्वांत उद्धृत होणारं उदाहरण २०१४ चं आहे. ट्विटरवर #WhyIStayed या हॅशटॅगखाली घरगुती हिंसा सोसलेल्या स्त्रिया आपण त्या नात्यात का राहिलो हे सांगत होत्या. डिजिओर्नो या गोठवलेला पिझ्झा विकणाऱ्या ब्रँडने तोच हॅशटॅग लावून लिहिलं की पिझ्झा होता म्हणून. ट्वीट लगेच काढलं, माफी मागितली, आणि माफीत कबूलही केलं की हॅशटॅग कशाबद्दल आहे ते वाचलं नव्हतं. हॅशटॅगवर एकदा टॅप केलं असतं तर पहिल्याच पडद्यावर कळलं असतं.

नाचाचा किंवा हावभावाचा ट्रेंड असेल तर तो कोणी बसवला हेही याच वीस मिनिटांत शोधा. ‘रेनेगेड’ हा नाच जलाया हार्मन या किशोरवयीन मुलीने २०१९ मध्ये बसवला, पण तो जगभर दुसऱ्यांच्या नावावर गाजला. तिला श्रेय मिळालं ते २०२० मध्ये वृत्तपत्रात बातमी आल्यावर. ब्रँडने नाच उचलला तर बसवणाऱ्याचं हँडल कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत हवं. हॅशटॅगांच्या ढिगाखाली दिलेलं श्रेय कोणालाच दिसत नाही.

अजून किती दिवस?

आता कालचा आकडा बाहेर काढा. बहुतेक जण एकूण आकडा पाहून भुलतात. ‘नऊ हजार रील झाल्या, जोरात चाललंय’. एकूण आकडा सहसा कमी होत नाही, त्यामुळे तो मेलेल्या ट्रेंडचाही मोठाच दिसतो. बघायचं असतं ते चोवीस तासांत किती भर पडली आणि ती भर आदल्या दिवसापेक्षा जास्त आहे की कमी.

पेनवाल्यांचे आकडे असे. सोमवारी सकाळी दहाला २,१००. मंगळवारी दहाला ५,३००, म्हणजे भर ३,२००. बुधवारी दहाला ९,४००, भर ४,१००. भर वाढते आहे, ट्रेंड अजून चढतोय. समजा गुरुवारी दहाला १२,००० झाले, तर भर २,६०० वर आली. एकूण आकडा तेव्हाच सर्वांत मोठा दिसेल, आणि नेमका तेव्हाच चढ संपलेला असेल. नवखे बहुधा गुरुवारी निर्णय घेतात.

आकडे मोठे झाले की अ‍ॅप ते ढोबळ करून दाखवतं, मग रोजचा फरक नीट कळत नाही. अशा वेळी दुसऱ्या खुणा बघा. ऑडिओच्या पानावरच्या वरच्या वीस रील कोणाच्या आहेत? सगळ्या व्यक्तींच्या असतील तर वेळ आहे. एक-दोन ब्रँड दिसत असतील तरी चालेल. निम्मे ब्रँड असतील तर लोक निघून गेलेत आणि दुकानं उरलीत, असं समजा. दुसरी खूण म्हणजे विडंबन: ‘हा ऑडिओ पुन्हा ऐकला तर फोन फेकीन’ अशा कमेंट किंवा ट्रेंडचीच थट्टा करणाऱ्या रील दिसू लागल्या की साध्या पद्धतीने सामील होण्याची मुदत संपली.

आता त्याच्यासमोर स्वतःचा वेग ठेवा. कल्पना मंजूर झाल्यापासून रील पोस्ट होईपर्यंत तुमच्याकडे खरोखर किती तास लागतात? मागच्या तीन रीलचे मेसेज काढून मोजा, अंदाजाने सांगू नका. पेनवाल्यांना सव्वीस तास लागतात. तुमच्याकडे चार दिवस लागत असतील, कारण कॅप्शन तीन जण बघतात, तर आठवडाभर टिकणाऱ्या ऑडिओंच्या मागे लागूच नका. तुम्हाला महिनोन्‌महिने टिकणारे साचे झेपतील: आधी आणि नंतर, एका दिवसातलं काम, ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर. यात कमीपणा काही नाही. वेग वाढवायचाच असेल तर तो शूटिंगमध्ये क्वचित सापडतो, होकारात सापडतो. कोणत्या विषयांवरची रील सुचवायचीच नाही (राजकारण, आजार, मृत्यू, कोणाचं शरीर) आणि कोणत्या विषयांवर एकाच माणसाचा होकार पुरेसा आहे, हे आधीच एका कागदावर ठरवून घ्या.

जुळतंय का?

इथपर्यंत टिकलेल्या ऑडिओसाठीच आता कल्पना काढायची. आणि कल्पना तपासायची ती अशी: रीलमधलं ब्रँडचं नाव काढून तिथे कुठल्याही दुसऱ्या ब्रँडचं नाव टाका. रील तशीच चालत असेल तर ती तुमची नाही. तिला व्ह्यू मिळतीलही, पण पाहणाऱ्याला आठवेल तो ऑडिओ, तुम्ही नाही.

पेनवाल्यांनी तीन कल्पना लिहिल्या. पहिली: पार्सल शांतपणे पॅक होतंय, मग टेबलावरचा पसारा. हे मेणबत्ती विकणाराही करू शकतो, साबण विकणाराही. बाद. दुसरी: सोमवार सकाळचं ऑफिस. ती तर कोणाचीही. बाद. तिसरी: विमान उड्डाण घेतंय, खिशात अर्धं भरलेलं पेन, ‘सगळं ताब्यात आहे’, शांतता, आणि शर्टाच्या खिशावर पसरलेला निळा डाग.

तिसरीत दम आहे, कारण फाउंटन पेन वापरणाऱ्यालाच ती कळते आणि तो ती दुसऱ्या पेनवेड्याला पाठवतो. विमान वर जाताना केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, पेनाच्या टाकीत अडकलेली हवा प्रसरण पावते आणि शाईला निबेवाटे बाहेर ढकलते. अर्धवट भरलेल्या पेनात हवा जास्त, म्हणून तेच जास्त गळतं. उपाय सोपा: पेन पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं न्यावं आणि निब वर ठेवावी, म्हणजे निबेपाशी शाईऐवजी हवा राहते आणि तीच निघून जाते. ही माहिती कॅप्शनमध्ये गेली की रील विनोदाच्या पलीकडे उपयोगी होते आणि लोक ती सेव्ह करतात.

पण थांबा. ब्रँडने स्वतःचंच पेन गळताना दाखवावं का? इथे एक तपासणी लागते जी कुठल्याही ट्रेंडच्या यादीत सापडणार नाही: मागच्या महिन्याभराच्या ग्राहकांच्या तक्रारी वाचा. गळतीच्या तक्रारी आलेल्या असतील, तर ही रील त्या लोकांची थट्टा ठरेल आणि पहिली कमेंट ‘माझं तर जमिनीवरही गळतं’ अशी येईल. तक्रारी नसतील तर हा दोष भौतिकशास्त्राचा आहे, सगळ्याच फाउंटन पेनांना लागू आहे, आणि तो मोकळेपणाने सांगणारा ब्रँड जाणकार वाटतो. स्वतःवर हसता येतं ते जिथे खरोखर दुखत नाही तिथेच.

अजून एक प्रश्न विचारा: ऑडिओतलं वाक्य तुमच्या ब्रँडने एरवी म्हटलं असतं का? ‘सगळं ताब्यात आहे’ आणि मग खणखणाट, हे पेनवाल्यांना शोभतं. तोच ऑडिओ औषधं, बँकेचे व्यवहार किंवा मुलांची सुरक्षा सांभाळणाऱ्याने वापरला तर विनोद ग्राहकाच्या भीतीवर बसतो. तिथे ऑडिओ निर्दोष असूनही नकार द्यावा लागतो.

चॅलेंजचं गणित वेगळं

ऑडिओवर रील केली तर जोखीम तुमच्यापुरती असते. चॅलेंजमध्ये तुम्ही लोकांना काहीतरी करायला सांगता, म्हणून प्रश्न बदलतो: हे करणाऱ्यांतला सर्वांत बेफिकीर माणूस, किंवा घरात एकटं असलेलं बारा वर्षांचं मूल, हे कसं करेल? उत्तरात उंची, वेग, आग, पाणी, गिळणं किंवा श्वास रोखणं यातलं काही असेल तर विषय तिथेच संपतो. ‘काळजीपूर्वक करा’ असं कॅप्शनमध्ये लिहिल्याने जोखीम कमी होत नाही, उलट तुम्हाला ती माहीत होती याचा पुरावा तयार होतो. २०१८ च्या सुरुवातीला टाइड ब्रँडच्या कपडे धुण्याच्या कॅप्सूल तोंडात घालण्याचं चॅलेंज पसरलं, तेव्हा कंपनीने त्यावर विनोद केला नाही. फुटबॉलपटू रॉब ग्रॉन्कोव्स्की याला घेऊन ‘नाही’ एवढंच ठणकावणारा छोटा व्हिडिओ काढला.

दुसरा भाग श्रमाचा. २०१४ चं आइस बकेट चॅलेंज का पसरलं ते बघा: बादली आणि पाणी एवढंच सामान, कृती एका मिनिटाची, पुढच्यांची नावं घ्यायची पद्धत, आणि २४ तासांची मुदत. त्यातून एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला ११ कोटी डॉलरहून अधिक देणग्या मिळाल्या. अशा चॅलेंजमध्ये ब्रँड सामील झाला पण देणगी दिली नाही, तर उरतो फक्त भिजलेला ब्रँड. एखाद्या कार्याशी जोडलेल्या चॅलेंजमध्ये आधी पैसे द्या, मग व्हिडिओ करा. ते जमत नसेल तर गप्प राहणं बरं.

स्वतःचं चॅलेंज सुरू करण्याचा मोह नवख्यांनी सध्या टाळावा. जुन्या ग्राहकांतले वीस जण न सांगता तुमच्या वस्तूचे व्हिडिओ टाकत नसतील, तर हॅशटॅग दिल्याने ते टाकायला लागत नाहीत.

करताना

रीलला ऑडिओ अ‍ॅपमधूनच जोडा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भाजून टाकला तर अ‍ॅप त्याला नवा आवाज समजू शकतं, आणि मग ट्रेंडच्या पानावर तुमची रील येत नाही, म्हणजे सामील होण्याचा हेतूच बाद. याची दुसरी बाजूही आहे: मूळ ऑडिओ कधी काढला गेला तर तुमची रील मुकी होऊ शकते. २०२४ च्या फेब्रुवारीत करार संपल्यावर युनिव्हर्सलची गाणी टिकटॉकवरून निघाली तेव्हा असंख्य व्हिडिओंचा आवाज गेला होता. म्हणून पडद्यावरचा मजकूर असा लिहा की आवाज नसतानाही रील कळावी. तो मजकूर खालच्या आणि उजव्या कडेपासून दूर ठेवा, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात.

पेनवाल्यांच्या आठ सेकंदांत डाग नेमका खणखणाटाच्या पहिल्या ठोक्याला दिसायला हवा. कट थोडा उशिरा पडला तरी गंमत लंगडते. आणि पहिल्या सेकंदातच पेन दिसायला हवं, लोगो नव्हे. मूळ माणसाचा होकार मंगळवारी संध्याकाळी आला, रील बुधवारी रात्री गेली. तोच होकार शुक्रवारी आला असता तर रील करायची नव्हती, शूटिंग झालेलं असलं तरी. झालेल्या मेहनतीचा पोस्ट करण्याच्या निर्णयाशी संबंध नाही.

पहिले दोन तास कोणीतरी कमेंट वाचत राहावं. उगमाबद्दल गंभीर आक्षेप आला आणि तो तपासून खरा निघाला, तर रील काढा आणि दोन वाक्यांत सांगा: काय वापरलं होतं, का काढलं. फक्त एका-दोघांना आवडली नाही म्हणून काढू नका.

सात दिवसांनी

नुसते व्ह्यू बघून काही ठरवू नका. ट्रेंडिंग ऑडिओवर अनोळखी लोक येतातच, ते ऑडिओसाठी आलेले असतात. आपल्या मागच्या अकरा रील व्ह्यूच्या क्रमाने लावा, मधली उचला आणि तिच्याशी तुलना करा. सरासरी घेऊ नका, एखादी गाजलेली रील सरासरी फुगवते. मग व्ह्यूच्या प्रमाणात शेअर, सेव्ह आणि प्रोफाइलला भेटी किती, ते दोन्हींसाठी काढा. समजा मधल्या रीलला ३,००० व्ह्यू आणि ६० शेअर होते, म्हणजे शंभरामागे दोन. ट्रेंडच्या रीलला १५,००० व्ह्यू आणि ९० शेअर मिळाले, तर शंभरामागे एकही नाही. व्ह्यू पाचपट, पण माणसं परकी. उलट ७,००० व्ह्यूंना २८० शेअर मिळाले तर शंभरामागे चार, आणि ही जुळणी बरोबर होती.

हे सगळं एका तक्त्यात ठेवा: ऑडिओची लिंक, टिपलेले आकडे, परवानगीचा स्क्रीनशॉट, पोस्टची वेळ, सात दिवसांचे निकाल. नकार दिलेले ट्रेंडही त्याच तक्त्यात टाका, नकार कुठल्या पायरीवर दिला तेवढं लिहून. सात-आठ नोंदी झाल्या की एकच पायरी पुन्हा पुन्हा दिसू लागते. बहुतेक नकार ‘वेळ संपली’ या पायरीवर असतील तर होकार देणाऱ्यांची संख्या कमी करा. ते ‘हक्क नाही’ वर असतील तर गाण्यांचे ट्रेंड बघणं सोडून माणसांच्या बोलण्याचे ऑडिओ शोधायला लागा. आणि दर तीन महिन्यांनी जुन्या रील आवाज चालू करून एकदा बघून घ्या. मुकी झालेली दिसली तर ती संग्रहात टाका.